कर्ज रुपयात, पगार कशात?

परदेशी शिक्षणाचं कर्ज काढताना घरात चर्चा होते ती व्याजदराची. डॉलरचा भाव वाढला की मात्र दोन टोकाची वाक्यं ऐकू येतात. आई-बाबा म्हणतात, "आता कर्ज आणखी महागलं." तिकडे नोकरीला लागलेली मुलं म्हणतात, "बरंच झालं, हप्ता हलका झाला." दोघंही बरोबर असू शकतात, कारण ते एकाच कर्जाच्या दोन वेगळ्या टप्प्यांबद्दल बोलत असतात.

एक उदाहरण घेऊ. इंदूरची एक मुलगी, तिला सई म्हणू या, ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत एमएसला गेली. दोन वर्षांचा खर्च ५० हजार डॉलर, निम्मा पहिल्या वर्षी आणि निम्मा दुसऱ्या वर्षी. तेव्हा डॉलर ८० रुपयांच्या आसपास होता, म्हणून ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी मंजूर झालं. पहिले २५ हजार डॉलर २० लाखांत भागले. पण ऑगस्ट २०२३मध्ये डॉलर ८३च्या घरात गेला होता. उरलेल्या २५ हजार डॉलरना २० लाख ७५ हजार लागले. बँकेने मंजूर केली होती ती रुपयातली रक्कम, डॉलरमधली नव्हे. वरचे ७५ हजार घरातून गेले. शिक्षण चालू असताना रुपया घसरला तर नुकसान होतं ते असं. म्हणून कर्ज मागताना दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी आजचा दर न धरता चार-पाच टक्के जास्तीचा दर धरावा. मंजूर झालेली पण न उचललेली रक्कम व्याज लावत नाही.

आता दुसरा टप्पा. शिक्षण मे २०२४मध्ये संपलं आणि पुढे सहा महिन्यांची सवलत मिळाली. त्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. २०२४ संपेपर्यंत सरळ व्याजाचे साधारण ८ लाख जमले आणि कर्ज ४८ लाखांवर गेलं. दहा वर्षांसाठी ११ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे ६६,१०० रुपये येतो. व्याजदर तोच राहील असं सोयीसाठी धरू.

सईला नोकरी तिकडेच लागली. डॉलर ८५ असताना हा हप्ता तिला ७७८ डॉलर पडत होता. २०२५च्या डिसेंबरात डॉलर ९०वर गेला तेव्हा तोच हप्ता ७३४ डॉलर झाला. बँकेच्या कागदावर काहीच बदललं नाही, सईच्या पगारातून मात्र महिन्याला ४४ डॉलर कमी जाऊ लागले. डॉलर दरवर्षी सरासरी तीन टक्क्यांनी महागला, तर ११ टक्क्यांचं हे कर्ज तिच्या दृष्टीने आठ टक्क्यांच्या जरा खालीच पडतं. तिकडच्या एखाद्या संस्थेचं डॉलरमधलं कर्ज घ्यायचं ठरवलं, तर तुलना ११शी न करता या आकड्याशी करायची.

पण ती भारतात परतली तर? पगार रुपयात, हप्ता रुपयात. डॉलर ९० होवो की १००, तिचे ६६,१०० तसेच राहतात. आणि तिने डॉलरमधलं कर्ज घेतलं असतं, तर प्रत्येक घसरणीबरोबर हप्ता वाढला असता. म्हणजे रुपयाची घसरण आपल्या फायद्याची की नाही, हे पगाराच्या चलनावर ठरतं. परतण्याची शक्यता असेल तर हप्ता भारतातल्या पगारातून झेपतो का, हे कर्ज काढण्याआधीच पाहायला हवं.

एका मोहापासून मात्र सांभाळा. "रुपया आणखी पडू दे, मग एकदम पैसे पाठवू" असं म्हणत अनेकजण डॉलर साठवून ठेवतात. हिशेब करा. तिकडे बचतीवर चार टक्के मिळतात असं धरलं आणि इकडे कर्ज ११ टक्क्यांनी चढतंय, तर वाट पाहणं फायद्याचं ठरायला डॉलर वर्षाला जवळजवळ सात टक्क्यांनी महागायला हवा. असं दरवर्षी होत नाही. उलटही घडतं. २०१७च्या सुरुवातीला डॉलर ६८च्या आसपास होता आणि वर्ष संपताना ६४च्या. त्या वर्षी डॉलर कमावणाऱ्यांचा हप्ता सहा टक्क्यांनी जड झाला.

तेव्हा कर्जाच्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना ठेवा. हप्ता भरला त्या दिवशी बँकेने प्रत्यक्ष दिलेला दर त्यात लिहा, बातम्यांतला नको. रुपयातल्या हप्त्याला त्या दराने भागलं की आपल्या पगारातून खरोखर किती गेलं ते कळतं. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की ओझं कोणत्या दिशेला सरकतंय, ते तुम्हाला दिसेल.