राजीनामा नेमका कुणाच्या सोयीचा?

गेल्या महिन्यात आमच्या परिचयाचे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. शारजातील एका कंपनीत ते साडेसहा वर्षे स्टोअरकीपर आहेत. समोरचा चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. त्या दुपारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून, दार लोटून, गोड शब्दांत सांगितले होते, "काम कमी झाले आहे. तुम्हाला काढले असे कागदावर येऊ नये, म्हणून तुम्हीच राजीनामा द्या. नाव स्वच्छ राहील." पत्र टाइप करून तयारच होते. 'वैयक्तिक कारणास्तव, आजपासून' असे त्यात लिहिले होते. सुदैवाने गृहस्थांनी सही न करता ते खिशात घालून आणले.

आपल्या मंडळींना 'काढून टाकले' या शब्दांची फार धास्ती. गावी काय सांगायचे, सासरी काय वाटेल, हेच आधी मनात येते. कंपनीला हे पक्के ठाऊक असते. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेतली आणि या अब्रूची किंमत किती पडते ते मांडून पाहिले.

त्यांचा एकूण पगार दहा हजार दिरहम, त्यात मूळ पगार सहा हजार. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते: पहिली पाच वर्षे दर वर्षाला 21 दिवसांची, पुढे 30 दिवसांची. म्हणजे 21 हजार आणि दीड वर्षाचे नऊ हजार, मिळून 30 हजार दिरहम. 1980 च्या जुन्या कायद्यात राजीनामा देणाऱ्याची ग्रॅच्युइटी काही वेळा कापली जाई, आणि जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यात ती कपात नाही. राजीनामा द्या वा काढले जा, 30 हजार तेवढेच. तेव्हा "सही केलीत तर ग्रॅच्युइटी देऊ" हे कंपनीचे औदार्य नव्हे, ते देणेच आहे.

फरक पडतो तो इतरत्र. कंपनीने काढले तर किमान 30 दिवसांची नोटीस, किंवा तेवढा पूर्ण पगार, म्हणजे दहा हजार. 'आजपासून' राजीनामा दिला तर नोटीस मोडणारे आपण ठरतो, आणि तेच दहा हजार उलट आपल्याकडून मागता येतात! त्या पत्रातला तो एक शब्द सर्वांत महाग होता.

दुसरे, नोकरी जाण्याचा विमा. 2023 पासून महिन्याला पाच दिरहम आपण सारे कुरकुरत भरतो. बारा महिने हप्ते भरले असतील तर नोकरी गेल्यावर मूळ पगाराच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. या गृहस्थांचे 3,600 प्रमाणे 10,800 दिरहम होतात. मात्र राजीनामा दिलेल्याला एक फिलही नाही. परतीच्या तिकिटाचेही तसेच. तुम्ही होऊन गेलात, असे म्हणायला कंपनीला जागा मिळते.

मग राजीनामा कधीच देऊ नये का? तसे नाही. शिस्तभंगावरून काढले तरी विमा मिळत नाही, तेव्हा आरोप खरा असेल आणि पुरावा असेल तर राजीनाम्याचा विचार शहाणपणाचा. दुसरी नोकरी हातात असेल, किंवा लगेच देशी परतायचे असेल, तरीही विम्याचा उपयोग नाही, कारण नवी नोकरी लागली वा देश सोडला की तो थांबतो. पण तेव्हाही पत्रात नोटीसचा काळ लिहून घ्यावा. दुबईच्या वित्तीय केंद्रातल्यांना वेगळा कायदा आहे, त्यांनी हा हिशेब जसाच्या तसा लावू नये.

आम्ही गृहस्थांना त्याच रात्री कंपनीला दोन ओळींची ईमेल लिहायला लावली: 'आज मला राजीनामा मागण्यात आला. माझी तशी इच्छा नाही, कंपनीला करार संपवायचा असल्यास लेखी नोटीस द्यावी.' तारीख असलेला कागद आपल्याकडे राहिला. 'सर्व येणे मिळाले' या कागदावर मात्र पैसे बँकेत दिसल्याशिवाय सही करू नका असेही बजावले. करार संपल्यापासून 14 दिवसांत कंपनीने हिशेब चुकता करायचा असतो, न केल्यास कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते. आणि विम्याचा दावा 30 दिवसांत करायचा असतो. रुसून घरी बसलेल्यांचा तो हमखास हुकतो.

मॅनेजर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नोटीसचे पत्र आले, कारण 'कामाची कमतरता'. गृहस्थ सध्या नोटीसवर आहेत आणि कायद्याने मिळणारी आठवड्याची एक बिनपगारी सुट्टी घेऊन नोकरी शोधत आहेत. गावी अजून काही कळवलेले नाही.