डबा कमरेला, पण वाट कुणी मोजली?

चंद्रपूर, बल्लारपूर, सावनेर भागात जमिनीखाली पाळीला जाणाऱ्या भावांनो, आणि पहाटे उठून त्यांचा डबा भरून देणाऱ्या घरच्या माणसांनो,

खाणीत जाणाऱ्याकडे दोन डबे असतात. एक भाकरीचा आणि दुसरा कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला, सेल्फ-रेस्क्यूअर. पहिला डबा रोज उघडतो. दुसरा नोकरी संपेपर्यंत उघडत नाही, आणि तो उघडायची वेळ येऊच नये हे खरं. पण तो न उघडता वर्षानुवर्षं कमरेला मिरवला की आपण सुरक्षित झालो, असा समज साहेबांचाही होतो आणि आपलाही. हे पत्रक त्या समजाविरुद्ध आहे.

खाणीतल्या आगीत माणूस जळून मरतो असं बाहेरच्यांना वाटतं. आपल्याला माहीत आहे, मारते ती हवा. कोळसा, बेल्टचं रबर, केबल अर्धवट जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी त्याला घट्ट धरून ठेवतं. हवेत तो 1 टक्का झाला तरी काही मिनिटांत माणूस पडतो. रानीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीत 25 जानेवारी 1994 ला 55 माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांपर्यंत ज्वाळा पोचायची गरजच नव्हती.

पण आज सांगायची आहे ती दुसरीकडची गोष्ट, कारण तिथे डबे होते. चालणारे होते. तरी माणसं गेली.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अल्मा नंबर 1 नावाची खाण होती, अराकोमा कंपनीची. 19 जानेवारी 2006 च्या संध्याकाळी तिथल्या कन्व्हेयर बेल्टजवळ आग लागली. बेल्ट सरळ चालत नव्हता, कडेला घासत होता, घासून तापला आणि आसपासच्या कोळशाने पेट घेतला. कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा इशारा वर पोचला, पण फेसवर काम करणाऱ्या बाराजणांना ताबडतोब बाहेर काढलं गेलं नाही. आग विझवायला गेलेल्यांना नळाला पाणी मिळालं नाही, आणि होज नळाच्या तोंडाला बसेना, कारण दोघांचे आटे वेगळे. वाचताना हसू येतं ना? आपल्या खाणीतला फायर हायड्रंट शेवटचा कधी उघडून पाहिला होता ते आठवा, मग हसा.

ते बाराजण गाडीत बसून ताज्या हवेच्या वाटेने निघाले. खाणीचा साधा नियम असा, की बेल्टची वाट आणि माणसांनी पळायची वाट यांच्यामध्ये स्टॉपिंग हवं, म्हणजे बेल्ट पेटला तरी त्याचा धूर पळायच्या वाटेत येत नाही. अल्मामध्ये अशी काही स्टॉपिंग काढलेली होती आणि परत बांधलेली नव्हती. त्यामुळे ज्या वाटेवर सगळ्यात स्वच्छ हवा असायला हवी, तिथेच धुराची भिंत उभी राहिली. गाडी सोडून सगळ्यांनी धुरातच डबे उघडले, तोंडात मुखनळी घेतली, नाकाला चिमटा लावला आणि एकमेकांना धरून चालू लागले. पुढच्याला मागचा दिसत नव्हता. चाचपडत एका स्टॉपिंगमधलं दार सापडलं आणि दहाजण त्यातून पलीकडच्या बऱ्या हवेत गेले. पलीकडे मोजणी झाली तेव्हा दोन कमी होते. त्यांचे मृतदेह दोन दिवसांनी मिळाले. कंपनीने पुढे फौजदारी गुन्हा कबूल केला आणि 2009 मध्ये 25 लाख डॉलर दंड भरला.

आता विचारा, डब्यांनी काय केलं? डब्यांनी आपलं काम केलं. त्यांनी बाराजणांना मिनिटं दिली. ती मिनिटं नसलेल्या भिंतीने, फेसवर वेळेत न पोचलेल्या इशाऱ्याने आणि न दिसणाऱ्या दाराने खाल्ली. म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे: डबा म्हणजे श्वास नव्हे, डबा म्हणजे उधार घेतलेला वेळ. तो वेळ पुरेल अशी वाट राखणं हे कामगाराचं नाही, व्यवस्थापनाचं काम आहे.

आधी डबा कोणता, ते बघा. दोन जाती आहेत आणि बाहेरून त्या सारख्याच वाटतात. एक फिल्टरचा. त्यातलं रसायन कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं, बाकी काही नाही. तो प्राणवायू तयार करत नाही. हवेतला प्राणवायूच कमी झाला असेल, तर हा डबा तोंडात धरूनही माणूस गुदमरतो. दुसरा स्वतः प्राणवायू देणारा. त्यात बहुधा पोटॅशियम सुपरऑक्साइड असतं. आपल्या उच्छ्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ते प्राणवायू सोडतं, आणि बाहेरच्या हवेशी त्याचा संबंधच उरत नाही. आगीत भरवसा याच्यावर ठेवता येतो.

दोन्ही डबे गरम होतात, आणि इथेच माणसं फसतात. फिल्टरचा डबा जितका तापेल तितका विषारी वायू जास्त, म्हणजे तो काम करतोय आणि तो काढायचा नाही. रसायनाच्या डब्यातून येणारी हवा गरम, कोरडी आणि ओढायला जड लागते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. अल्माच्या आगीच्याच जानेवारीत, 2 तारखेला, वेस्ट व्हर्जिनियातच सॅगो खाणीत स्फोट झाला. अडकलेल्या तेराजणांपैकी एकच वाचला. त्याने सांगितलं की चौघांचे डबे चाललेच नाहीत. तपासणीत मात्र ते डबे सुरू होऊन प्राणवायू देत होते असं आढळलं. तो खोटं बोलत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्यातून श्वास घेणाऱ्या, घाबरलेल्या माणसाला चालू डबाही बंद वाटतो. त्यानंतर तिथे कायदा बदलला. दर तीन महिन्यांनी डबा चढवायचा सराव आला, आणि वर्षातून एकदा खऱ्यासारखी उष्णता व जड श्वास देणाऱ्या सरावाच्या डब्यातून श्वास घ्यायची सक्ती आली. आपल्याकडे ट्रेनिंग सेंटरमध्ये काचेच्या कपाटातला डबा लांबून दाखवून सही घेतात. आमच्यापैकी एकाने बावीस वर्षांत मुखनळी तोंडात एकदाही घेतलेली नाही. सह्या मात्र सगळ्या आहेत.

आता मिनिटांचा हिशेब. समजा डब्यावर 30 मिनिटं लिहिली आहेत आणि फेसपासून इनक्लाइनच्या तोंडापर्यंत 2 किलोमीटर आहेत. उजेडात, ताठ मानेने तासाला 4 किलोमीटर चाललात तर अर्धा तास लागतो. कागदावर जमलं. पण धुरात वाकून, भिंतीला हात लावत, गुडघा दुखणाऱ्या साथीदाराला सांभाळत तासाला 2 किलोमीटरही मुश्किलीने होतात. म्हणजे पूर्ण तास. वर चढाची वाट. घाबरून पळालात तर श्वास वाढतो आणि 30 मिनिटंही भरत नाहीत. उरलेला अर्धा तास कुठून आणायचा?

त्याचं उत्तर जगात शोधून झालेलं आहे. वाटेत ठरावीक अंतरावर दुसऱ्या डब्यांचा साठा ठेवायचा. फेसपासून बाहेरपर्यंत दोरी बांधायची आणि तिच्यावर शंकूसारखे मणी ओवायचे. हात बाहेरच्या दिशेने सरकतो तेव्हा ते सहज निसटतात, उलट दिशेने गेलात तर अडतात, म्हणजे डोळे मिटूनही दिशा कळते. ही दोरी काही चंद्रावरून आणायची नाही.

आणि वाटच बंद झाली तर? त्यासाठी आसरा-खोली, म्हणजे रेफ्यूज चेंबर. त्याच 2006 च्या जानेवारीत, 29 तारखेला, कॅनडातल्या एस्टरहेझी इथल्या पोटॅश खाणीत आग लागली. 72 कामगार बंद खोल्यांत शिरले. आत प्राणवायू, पाणी, खाणं होतं. सुमारे एक दिवस ते आत राहिले आणि 72 चे 72 बाहेर आले. पोटॅशमध्ये आपल्यासारखा मिथेन नाही, कोळसा पेटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच कोळसा खाणीत नियम पहिला बाहेर पळण्याचा, आणि खोली शेवटचा उपाय. तरीही अमेरिकेने कोळसा खाणींत 96 तास तग धरतील अशा खोल्या सक्तीच्या केल्या, फेसपासून 1000 फुटांच्या आत.

पण त्या जशाच्या तशा उचलून आणा, असं आम्ही म्हणणार नाही. बसून राहिलेला माणूस जुन्या शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो. वीसजण एका लोखंडी पेटीत म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर. वर कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायनही तापतं. अमेरिकेतल्या खोलीत घामट हवेसकट जाणवणारं तापमान 35 अंशांवर जाऊ द्यायचं नसतं, आणि तिथल्या खाणी थंड असतात. आपल्या नियमांत ओल्या बल्बचं तापमान 33.5 अंशांपर्यंत चालतं. तिथली पेटी आपल्या खाणीत बसवली तर आत माणसं उष्माघाताने पडतील. आपल्या उथळ खाणींना जास्त शोभेल ती जमिनीवरून बोअर मारून हवा आणि फोनची तार आत सोडलेली खोली. बोअर मारता येत नाही म्हणणाऱ्यांना 1989 च्या महावीर खाणीची आठवण करून द्या. पाण्याने वेढलेल्या 65 जणांना बोअरमधून कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढलं होतं, जसवंतसिंग गिल यांच्या पुढाकाराने. तेव्हा बोअर दुर्घटनेनंतर मारलं. आम्ही आधी मागतोय.

म्हणून हे करा. उद्या लॅम्प रूममधून डबा घेताना त्याचं सील, चेपलेली बाजू, मुदतीची तारीख आणि मिनिटं वाचा. फिल्टरचा आहे की प्राणवायूचा, ते विचारा. मग सिरदाराला, ओव्हरमनला विचारा: सगळ्यात लांबच्या फेसवरून, सगळ्यात मंद चालणाऱ्या माणसाला, धुरात बाहेर यायला किती मिनिटं लागतात, आणि ती कुणी, कधी चालून मोजली? बेल्टची वाट आणि आपली वाट यांच्यामधली सगळी स्टॉपिंग उभी आहेत का? पुढच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत कामगार प्रतिनिधीने हे दोन्ही प्रश्न मांडावेत आणि उत्तर तारखेसह वहीत लिहून घ्यावं. उत्तर मिळालं नाही, तर "उत्तर मिळालं नाही" असं लिहून घ्यावं.

वाचून झालं की हे पत्रक पुढच्या पाळीला द्या.

— जमिनीखाली काम केलेले आणि अजून करणारे काही जण