काका, चाचा की सर?

आपल्या घरातल्या मुलांजवळ नात्याचे शब्द दुप्पट असतात. अब्बांचे भाऊ चाचा, अम्मीची बहीण खाला, मोठी बहीण आपा किंवा बाजी. शाळेत गेल्यावर त्यात काका, मावशी, ताई, दादा यांची भर पडते. घरात कोणाला काय म्हणायचे हे मुलांना पक्के ठाऊक असते. अडचण येते ती रस्त्यावर, बँकेत, एस.टी. स्टँडवर. समोर एखादी अनोळखी वडीलधारी व्यक्ती अडलेली दिसते, मदत करावीशी वाटते, पण हाक काय मारावी हे सुचत नाही. मग मूल 'ओ' म्हणते, 'हॅलो' म्हणते, नाहीतर काहीच न बोलता सरळ पिशवीला हात घालते. पिशवीला अनोळखी हात लागला की समोरचा माणूस दचकणारच. मदत करणारा आणि चोर यांच्यातला फरक त्याला त्या क्षणी फक्त हाकेवरून कळू शकतो.

एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर महिना आहे. सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणून बँकेत गर्दी आहे. नववीतला एक मुलगा अम्मीबरोबर पासबुक भरून घ्यायला आला आहे. बाकावर एक गृहस्थ अर्ज घेऊन बसले आहेत. चष्मा कपाळावर नेतात, पुन्हा नाकावर आणतात. पीपीओ नंबर कोणत्या चौकटीत लिहायचा ते त्यांना सापडत नाही. वय पासष्ट असेल, सत्तरही असेल. मुलाने त्यांना काय म्हणावे?

पहिला मोह असतो कपड्यांवरून ठरवण्याचा. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर दाढी दिसली की चाचा. कपाळावर गंध दिसले की काका. आपली मुले असे करतात आणि इतरांचीही करतात. यात दोन चुका होतात. एक म्हणजे अंदाज चुकतो. दाढी ठेवणारे सगळे आपल्यातले नसतात आणि आपल्यातले सगळे टोपी घालत नाहीत. दुसरी चूक अशी की अंदाज बरोबर आला तरी त्या माणसाला कळते, की या मुलाने आधी माझा धर्म पाहिला आणि मग मला हाक मारली. शर्ट-पँट घालून रांगेत बसलेल्या एखाद्या निवृत्त अब्दुलभाईंना आयुष्यभर कचेरीत सगळे काका म्हणत आले असतील, आणि आज फक्त टोपी आहे म्हणून कोणी अनोळखी 'ए चाचा' म्हणाला तर तो शब्द त्यांना टोचतो. शब्द चांगला असूनही टोचतो.

म्हणून शब्द माणसाच्या कपड्यांवरून न निवडता, पुढचे वाक्य ज्या भाषेत बोलणार त्या भाषेतून घ्यावा. पुढे मराठीत बोलायचे असेल तर काका. उर्दूत किंवा हिंदीत बोलायचे असेल तर चाचा. बँकेत चारजण मराठीत बोलत आहेत, अर्ज मराठीत आहे, तर काका हा शब्द कोणालाही चालतो, मग त्यांचे नाव काहीही असो. ते स्वतः उर्दूत उत्तर देऊ लागले तर आपणही पुढच्या वाक्याला चाचा म्हणावे. अभिवादनाचेही तसेच. लहानाने मोठ्याला आणि चालत्याने बसलेल्याला आधी सलाम करावा, हे आपण मुलांना हदीसमधून शिकवतोच. आधी आपण बोलायचे, हा त्यातला धडा इथेही लागू आहे. समोरच्याची ओळख नसेल तर 'नमस्कार काका' पुरते. त्यांनी सलाम केला तर पूर्ण जवाब द्यावा.

दुसरा प्रश्न वयाचा. तो स्वतःपासून मोजावा. आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी व्यक्ती असेल तर ताई किंवा दादा. आईवडिलांच्या वयाची असेल तर मावशी, काकू किंवा काका. त्याहून मोठी असेल तर आजी-आजोबा म्हणता येते, पण शंका आली की एक पायरी खाली उतरावे. आजी की मावशी असा प्रश्न पडला तर मावशी. मावशी की ताई असा प्रश्न पडला तर ताई. साठीच्या बाईला ताई म्हटल्याने आजवर कोणी रागावलेले नाही. पण पंचावन्नच्या बाईला आजी म्हणून उठून जागा दिली, तर ती बहुतेक वेळा 'नको, मी उभी राहते' म्हणते आणि दुखरे गुडघे घेऊन तशीच उभी राहते. म्हणजे चुकीच्या शब्दामुळे मदतच नाकारली गेली. आपल्या मुलाला बँकेतले गृहस्थ आजोबांच्या वयाचे वाटत असले तरी त्याने काकाच म्हणावे. हीच गोष्ट मोठ्यांनीही लक्षात घ्यावी. पंचेचाळिशीच्या माणसाने साठीच्या माणसाला काका म्हणणे विचित्र दिसते. तिथे दादा, भाऊ किंवा साहेब बरे.

काही शब्दांना कामाचा वास चिकटलेला असतो, तेही मुलांना सांगायला हवे. शाळेत आणि दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या, रुग्णांची ने-आण करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात, शिपायांना मामा म्हणतात. हे शब्द वाईट नाहीत, पण दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या, नातेवाइकाला भेटायला आलेल्या बाईंना मावशी म्हटले, तर त्यांना वाटू शकते की हा मला इथली कामवाली समजला. तिथे ताई किंवा काकू म्हणावे. दादा हा शब्द कोल्हापूर-सांगलीकडे मोठ्या भावाचा आहे; मुंबईत त्याला दादागिरीचीही छटा आहे, म्हणून तिथे कित्येक लोक भाऊ पसंत करतात. वहिनी हा शब्द अनोळखी बाईला कधीच वापरू नये, कारण त्यात तिच्या नवऱ्याशी ओळख असल्याचा दावा असतो.

सर आणि मॅडम केव्हा? नाते जोडायचे नसून काम करायचे असते, तेव्हा. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला काका म्हटले तर त्यांना अवघडल्यासारखे होते. आणि एखाद्या गृहस्थांनी स्वतःच सांगितले, 'मी काका नाही, मी हेडमास्तर होतो', तर वाद घालू नये. लगेच 'माफ करा सर' म्हणावे. ज्याचे नाव, त्याचा हक्क. मुलींना मात्र मी एक गोष्ट वेगळी सांगते. अनोळखी पुरुषाशी बोलावे लागले तर काका किंवा दादा हा शब्द पहिल्याच वाक्यात घ्या. त्याने बोलण्याची मर्यादा आधीच आखली जाते. सर म्हटल्याने ती आखली जात नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि आपल्या दोनभाषी घरांत सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. आदर नुसत्या हाकेत नसतो, तो क्रियापदात असतो. मराठी घरांत सख्ख्या मावशीला पुष्कळदा 'तू' म्हणतात, म्हणून मूल अनोळखी बाईंनाही 'मावशी, तू बस' म्हणते. रस्त्यावरची मावशी ही 'तुम्ही'चीच. उलट बाजूची चूक आपल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांची. मराठीतले 'तुम्ही' आदराचे आहे, म्हणून ते उर्दू बोलताना त्याचे 'तुम' करतात: 'चाचा, तुम बैठो.' पण उर्दूतले 'तुम' बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी आहे. मराठी 'तुम्ही'च्या जागी उर्दूत 'आप' येते आणि 'बैठो'चे 'बैठिए' होते. मुलाच्या मनात आदर असतो, पण ऐकणाऱ्या बुजुर्गाला तो बेअदबी वाटतो. घरात हे एक वाक्य दोन्ही भाषांत चार वेळा म्हणून घेतले तरी फरक पडतो: 'काका, तुम्ही बसा.' 'चाचा, आप बैठिए.'

आता बँकेतल्या मुलाकडे परत जाऊ. त्याने मागून हाक मारू नये. वयात ऐकू कमी येते आणि मागून आलेल्या आवाजाने माणूस दचकतो. समोर दोन हातांवर उभे राहावे, चेहरा दिसू द्यावा. आवाज ओरडून चढवू नये. किंचित खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे, कारण उतारवयात बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मग म्हणावे, 'नमस्कार काका. मी नववीत आहे, माझी आई त्या रांगेत उभी आहे. नंबरची चौकट दाखवू का?'

या तीन छोट्या वाक्यांत सगळे आले. हाक आली, तो कोण आहे ते आले, आणि नेमकी कोणती मदत तेही आले. मधले वाक्य गाळू नये. एटीएमजवळ गोड बोलून कार्ड बदलणारे भामटेही काका-मावशीच म्हणतात, आणि म्हातारी माणसे आता सावध झाली आहेत; त्यांनी तसे व्हायलाच हवे. म्हणून नात्याच्या शब्दाचा जोर लावू नये. 'काका, द्या ना, मी तुमच्या मुलासारखाच' हे वाक्य मुलांना शिकवूच नये, कारण नेमके तेच वाक्य फसवणारे वापरतात.

गृहस्थ 'दाखव बाळा' म्हणाले, तर बोटाने चौकट दाखवावी. पेन त्यांच्याच हातात राहू द्यावे. अर्ज, पासबुक, मोबाईल आपल्या हातात घेऊ नये. ओटीपी आला तर नजर दुसरीकडे करावी आणि तो मोठ्याने वाचू नये असे त्यांना सांगावे. सही जुळत नाही, अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, असे काही असेल तर ते मुलाचे काम नाही. 'काका, मी त्या मॅडमना बोलावतो' एवढेच करावे. आणि ते 'नको' म्हणाले, तर 'बरं काका' म्हणून आईजवळ परत यावे. दुसऱ्यांदा विचारू नये. त्यांना नंतर वाटलेच, तर ज्याने नीट हाक मारली होती तो कोणत्या रांगेत उभा आहे हे त्यांना ठाऊक असते.

या महिन्यात घरी एवढे करून पाहा. जेवताना मुलांना पाच माणसे सांगा: रिक्षावाले, दवाखान्यातल्या बाई, बँकेतल्या अधिकारी, मशिदीबाहेर जोडे शोधणारे बुजुर्ग, आणि एस.टी.त उभ्या असलेल्या पंचावन्नच्या बाई. प्रत्येकाला हाक आणि एक पूर्ण वाक्य म्हणायला लावा. हाक बरोबर आली की क्रियापद तपासा.