स्त्रीवाद : कांहीं गैरसमज

'स्त्रीवाद' हा शब्द कानीं पडतांच आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडील पुष्कळ सुज्ञ गृहस्थांच्या कपाळास आंठ्या पडतात. हे गृहस्थ मुलींस शिकवूं नये असें म्हणणारे नव्हेत. आपल्या मुलींस कॉलेजांत धाडणारे, त्यांच्या पहिल्या नंबरानें हरखून जाणारे असेच ते असतात. तरी त्यांचें म्हणणें असें कीं, हें खूळ परक्यांचें आहे, त्याच्या मुळाशीं पुरुषांविषयीं द्वेष आहे, आणि कोंकणांत तर त्याचें कांहीं प्रयोजनच नाहीं, कारण येथें घरोघर बायकांचेंच राज्य चालतें. अशा वाचकास हंसून वाटेला लावणें सोपें आहे. परंतु त्याच्या बोलण्यांत जेवढा खरेपणा आहे तेवढा मान्य करून पुढें जाणें मला अधिक बरें वाटतें.

'परकें' या आक्षेपास फार वेळ देण्याचें कारण नाहीं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें 'स्त्री-पुरुष तुलना' हें पुस्तक १८८२ सालीं निघालें. शब्द पुढें कोठूनहि आला असो, तक्रार आमच्याच घरची आणि आमच्याच भाषेंत मांडलेली आहे.

आतां बायकांच्या राज्याचें पाहूं. २०११ च्या खानेसुमारींत सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें १०३६ स्त्रिया भरल्या. याचें एक मोठें कारण सर्वांस ठाऊक आहे : पुरुष चाकरीस मुंबईस जातो आणि चवथीला व शिमग्याला घरीं येतो. मागें राहिलेली बाई तरवा लावते, गुरें सांभाळते, सासूचें औषध आणते, पोरांची फी भरते. ती घर चालविते हें अगदीं खरें. परंतु पेढीवरील मुनीमहि पेढी चालवितोच. म्हणून त्याला कोणी शेठ म्हणत नाहीं. विहीर कोठें खणावी, आंब्याचीं कलमें कोणत्या दलालास द्यावीं, वाटेकडचा तुकडा विकावा कीं काय, असा प्रश्न निघाला म्हणजे मुंबईस फोन जातो. येथें भार एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे आहे. स्त्रीवाद या दोहोंमध्यें भेद करावयास सांगतो. आणि आमचा आक्षेपक बहुधा भार पाहून त्यालाच अधिकार समजतो.

घरकामाविषयींचा गैरसमज याच जातीचा आहे. पुष्कळांस भय वाटतें कीं, पुरुषांस चुलीपाशीं बसवावयाचें आणि बायकांस होडीवर धाडावयाचें, हाच या मंडळींचा बेत असावा. कोणी कोणतें काम करावें हें ज्या त्या घरानें सोयीप्रमाणें ठरवावें. पण काम हें काम म्हणून गणलें जावें, एवढेंच मागणें आहे. सरकारनें २०१९ सालीं देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. तींत घरच्यांसाठीं बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१ व पुरुष शंभरांत २६ आढळले; आणि जे करीत होते त्यांतहि स्त्रीचा वेळ दिवसास २९९ मिनिटें व पुरुषाचा ९७ मिनिटें भरला. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पांच तास. त्याच स्त्रीविषयीं चवकशी करावी, तर घरधनी उत्तर देतो, "ती कांहीं करीत नाहीं, घरींच असते." त्यांत कांहीं दुष्टावा नसतो. ज्या कामास मजुरी मिळत नाहीं तें त्याच्या हिशेबाच्या वहींतच चढत नाहीं, इतकेंच.

मजुरी मिळते तेथें तरी हिशेब सरळ असतो काय? आमच्याकडील काजूच्या कारखान्याचें उदाहरण घ्या. काजूची बी वाफवून किंवा भाजून, मग एक एक फोडून गर काढावयाचा आणि पुढें त्याची साल सोलावयाची, असा हा क्रम आहे. फोडणें व सोलणें हीं कामें बहुशः बायकांचीं. तीं बैठीं म्हणून 'हलकीं' मानलीं जातात आणि त्यांची मजुरी पुष्कळ ठिकाणीं किलोवर ठरते. बॉयलर, भट्टी, पोतीं उचलणें हीं पुरुषांचीं. तीं 'जड' म्हणून रोजावर किंवा पगारावर. आक्षेपक म्हणतो, जड कामास जास्त पैसा हा तर व्यवहारच झाला.

पण बाजारांत अख्ख्या गराला जो भाव मिळतो तो पाकळीला किंवा तुकड्याला मिळत नाहीं. अख्खा गर बाहेर येणें हें फोडणारीच्या बोटांवर अवलंबून आहे : दाब किंचित् अधिक पडला तर गर दुभंगतो, कमी पडला तर कवच सुटत नाहीं, आणि कवचांतील तेल असें जहाल कीं, बोटांची कातडी सोलून निघते. तेव्हां मालाची किंमत ज्या हातांत ठरते त्या हातास हलकें म्हणणें हा व्यवहार नव्हे, ती संवय आहे. समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला. त्यांत एकच किंवा तशाच प्रकारचें काम असेल तर स्त्री-पुरुष असा भेद करूं नये असें सांगितलें होतें. परंतु बायकांचीं कामें निराळीं आणि पुरुषांचीं निराळीं अशी आधींच वांटणी झाली, तर तुलना करावयास शेजारीं तेंच काम करणारा पुरुष उरतच नाहीं, आणि कायदा दाराशींच थबकतो. म्हणून 'अमुक काम जड, अमुक हलकें' हें कोणीं व कशावरून ठरविलें, असें स्त्रीवादी विचारतात. आतां वजन उचलण्यास जास्त पैसे देऊंच नयेत असें कांहीं त्यांचें म्हणणें नाहीं.

सर्वांत मोठा गैरसमज द्वेषाचा. बहिणीनें हिस्सा मागितला कीं भावाबहिणीचें नातें तुटतें, आणि तें तोडावयास स्त्रीवाद शिकवितो, असें बोललें जातें. येथें एका खऱ्या खटल्याचें गणित करून पाहणें उपयोगाचें होईल. खंडप्पा मगदूम हे गृहस्थ १९६० सालीं वारले. मागें पत्नी हिराबाई, दोन मुलगे व तीन मुली. हिराबाईंनीं आपल्या हिश्शासाठीं सांगलीच्या कोर्टांत दावा लावला. कुटुंबाच्या मिळकतीचे २४ भाग कल्पा. त्या वेळच्या हिंदु कायद्याप्रमाणें बाप मरणापूर्वीं क्षणभर वांटणी झाली असें मानावयाचें. तींत बाप, आई व दोन मुलगे यांस सारखे सहा सहा भाग. मुलींस त्या वांटणींत कांहीं नाहीं. मग बापाचे सहा भाग आई, दोन मुलगे व तीन मुली अशा सहा वारसांत एक एक. बेरीज अशी : आईला सात, प्रत्येक मुलाला सात, प्रत्येक मुलीला एक. खालच्या कोर्टानें आईलाहि एकच भाग दिला होता. हायकोर्टानें सात दिले, आणि १९७८ सालीं सुप्रीम कोर्टानें तेच कायम केले. एकाच आईबापांचीं पांच लेंकरें. पण मुलाच्या सातांस मुलीचा एक!

महाराष्ट्रानें १९९४ सालीं कायदा बदलला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. २००५ सालीं सर्व देशासाठीं बदल होऊन मुलगी जन्मतःच मुलासारखी हिस्सेदार झाली. तेंच कुटुंब आज कल्पा : त्या क्षणभराच्या वांटणींत बाप, आई व पांच मुलें असे सात सारखे भाग, बापाचा भाग पुन्हां सहांत सारखा. म्हणजे चोविसांपैकीं प्रत्येकास चार. बापाने स्वतःचा भाग मृत्युपत्रानें कोणास दिला असेल, किंवा २० डिसेंबर २००४ पूर्वींच रीतसर वांटणी झाली असेल, तर गोष्ट निराळी. ख्रिस्ती कुटुंबास १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. त्यांत मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश व उरलेलें मुलामुलींस सारखें, हें सुद्धां पुष्कळ ख्रिस्ती घरांत ठाऊक नसतें.

कायदा असा सरळ झाला. कागद मात्र अजून वांकडा चालतो. बाप वारल्यावर तलाठ्याकडे वारसांची नोंद करावयाची असते. फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करितो. येथें दोन ठिकाणीं पाहावें. एक, बहिणींचीं नांवें अर्जांत आहेत कीं नाहींत. दुसरें, तीं सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यांत चढलीं कीं 'इतर हक्क' या रकान्यांत. कारण मुलींचीं व विधवांचीं नांवें या दुसऱ्या रकान्यांत टाकून मोकळें होण्याची रीत फार दिवस चालत आली आहे. त्यानंतर येतें तें हक्कसोडपत्र. चवथीला सारीं भावंडें जमलेलीं असतात, त्या गडबडींत कोणी वडीलधारा बहिणीला म्हणतो, "बाय, तुका काय कमी आसा? सही करून टाक, म्हायेर तुटाक नको." नोंदणी झालेलें हक्कसोडपत्र मागाहून फिरविणें अतिशय कठीण असतें.

बहिणीनें आपखुषीनें हिस्सा सोडूं नये काय? अवश्य सोडावा; स्वतःचें देण्याचा अधिकार हाहि अधिकारच आहे. परंतु देणगी आणि दडपण यांतील भेद ओळखतां येतो. किती गुंठे सोडीत आहों हें तिला सांगितलें होतें काय? कागद घरीं नेऊन वाचावयास सवड होती काय? 'नाहीं' म्हटलें असतें तर पुढल्या भाऊबीजेला दार उघडें राहिलें असतें काय? 'तिच्या लग्नांत खर्च झाला' असें सांगतात. पण मांडवांत जेवून गेलेला खर्च तिच्या गांठीला उरत नाहीं, आणि मुलाच्या मुंबईच्या शिक्षणाचा खर्च तर कोणी त्याच्या हिश्शांतून वजा करीत नाहीं. गांवीं राहून ज्यानें आईबापांची सेवा केली, कलमें जगविलीं, त्या भावाला कांहीं अधिक मिळावें हें म्हणणें मात्र मला न्याय्य वाटतें. त्यासाठीं इतर भावंडांनीं आपले हिस्से सोडावेत. पण मग तो कागद ठाण्यास स्थायिक झालेल्या दुसऱ्या भावापुढेंहि ठेवला पाहिजे. आणि मीं पाहिलेल्या घरांत तो बहुधा बहिणींपुढेंच ठेवला जातो.