मॅप केवढा? आधी गाडी कोणती ते सांगा!

जीटीए ६चा ट्रेलर आल्यापासून कट्ट्यावर, डिस्कॉर्डवर, लेक्चरच्या मागच्या बाकावर एकच वाद रंगतोय: मॅप केवढा असणार? कोणी दुप्पट म्हणतं, कोणी तिप्पट. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. ओपन वर्ल्ड गेममधलं जग केवढं वाटतं, हे चौरस किलोमीटरवर ठरत नाही. ते तुम्ही कशावर बसून फिरता त्यावर ठरतं.

पटत नसेल तर ‘सॅन अँड्रियास’ घ्या. २००४चा गेम, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो दादाच्या नाहीतर सायबर कॅफेच्या पीसीवर खेळलाय. त्याच्या मॅपचे आकडे दोन्ही दिशांना उणे ३००० ते अधिक ३००० असे जातात आणि एक आकडा म्हणजे साधारण एक मीटर. म्हणजे एक बाजू सहा किलोमीटर. दादरहून निघून बांद्र्याच्या जरा पुढे गेलात की मॅप संपला! एवढ्याशा जागेत तीन शहरं, एक वाळवंट, जंगल आणि माउंट चिलियाड नावाचा अख्खा डोंगर बसवलाय. ताशी १०० किलोमीटरने सरळ रेषेत गाडी मारली तर हे अंतर चार मिनिटांच्या आत संपतं. ताशी ३००च्या विमानाला ७२ सेकंद पुरतात. आणि तरीही तो गेम खेळताना आपण एक राज्य पालथं घातलंय असं वाटायचं. हे कसं जमवलं?

सगळ्यात मोठी चलाखी म्हणजे वाहनं हातात देण्याचा क्रम. सुरुवातीला सीजेच्या हातात येते बीएमएक्स सायकल, आणि ग्रोव्ह स्ट्रीटपर्यंतच्या गल्ल्या सायकलच्या वेगाने डोक्यात बसतात. मग गाड्या येतात, पण लॉस सँटोसच्या बाहेर पाऊल टाकलं की चार स्टार लागतात आणि पोलीस मागे. कथा पुढे सरकली की सीजेला थेट एंजल पाइनला, चिलियाडच्या पायथ्याशी सोडून देतात. तिथे घाटासारखे वळणावळणाचे रस्ते आणि मातीच्या वाटा. तुमचं बोट ॲक्सिलरेटरवर असतं, पण वळणं वेग धरू देत नाहीत. विमान नीट मिळतं ते खूप उशिरा, वाळवंटातली धावपट्टी ८० हजार डॉलरला विकत घेऊन पायलट स्कूल पास झाल्यावर. म्हणजे जमीन पायांनी, चाकांनी ओळखीची झाल्यावरच वरून बघायची परवानगी. (ज्यांनी पहिल्याच दिवशी ROCKETMAN टाइप करून जेटपॅक काढला, त्यांना हा गेम लहान वाटला असेल तर दोष मॅपचा नाही.)

रस्ते वाकडे करण्यामागे आणखी एक, अगदी तांत्रिक कारणही असतं. त्या काळात अख्खं शहर एकदम मेमरीत मावत नसे; प्लेस्टेशन २ची मुख्य मेमरीच ३२ एमबी. त्यामुळे तुम्ही पुढे जाल तसतशी समोरची इमारत डिस्कवरून वाचून आणायची आणि मागची टाकून द्यायची. गाडी डिस्कपेक्षा वेगात गेली की समोर रस्ताच नसायचा. रॉकस्टारमध्ये तेव्हा काम करणारे ओब्बे व्हर्माय यांनी अलीकडे सांगितलंय, की ‘जीटीए ३’मध्ये पोर्टलंड बेटावर हीच पंचाईत झाली आणि खेळाडूचा वेग कमी व्हावा म्हणून तिथल्या रस्त्यांची रचना बदलली गेली. वाहन आधी, शहर नंतर, असा हा हिशोब. ज्याला आपण शहराचं कॅरेक्टर म्हणतो, त्यात बराचसा भाग गाडीचा टॉप स्पीड सांभाळण्याचा असतो.

सॅन अँड्रियासमधलं ते धुरकट, पिवळट आकाशही याच हिशोबातलं. लांबचं दाखवायची ताकद नव्हती, म्हणून धुकं. पण त्या धुक्याने एक शहर दुसऱ्यापासून लपवलं आणि मधला प्रवास खरा केला.

मग २०२१ला ‘डेफिनेटिव्ह एडिशन’ आली. नव्या मशिनला लांबचं दाखवणं सोपं, म्हणून धुकं जवळजवळ काढूनच टाकलं. झालं काय, तर चिलियाडवर उभं राहिलं किंवा विमान जरा वर नेलं की लांबलांबची म्हणून माहीत असलेली शहरं एकाच फोटोत. ज्या रस्त्याला आपण लांबचा प्रवास समजत होतो, तो दोन टेकड्यांमधून उगाच वळसे घालत होता हे दिसलं. मॅप एक मीटरनेही बदलला नव्हता, तरी तो एकदम खेळण्यातल्या गावासारखा दिसायला लागला. त्या एडिशनच्या बाकीच्या गोंधळाबद्दल रॉकस्टारने माफी मागितली. जुन्या आकाशाचा आणि धुक्याचा पर्याय यायला मात्र २०२४चा नोव्हेंबर उजाडला.

याच्या उलट्या बाजूची चूक ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये दिसते. २०१३चं लॉस सँटोस गाड्यांसाठी बांधलेलं: फ्लायओव्हर, बोगदे, अरुंद गल्ल्या, पाठलागाला लागतं ते सगळं. २०१८ला त्यात ऑप्रेसर मार्क टू आली, उडणारी आणि वर मिसाइल सोडणारी बाइक. त्या दिवसापासून रस्ते म्हणजे खालची नक्षी झाले. बाइकवाल्याला वळण नाही, ट्रॅफिक नाही. माल घेऊन ट्रक चालवणारा मात्र त्याच जुन्या रस्त्यावर, वरून दिसणारं आयतं टार्गेट. २०२२ला तिची मिसाइल कमजोर करावी लागली. पण मिसाइल हा अर्धाच प्रश्न होता. एका वाहनाने शहर निरुपयोगी केलं होतं, ते कमजोर मिसाइलने परत कसं येणार?

मग वेगवान वाहन द्यायचंच नाही का? द्यायचं, पण ते कुठे चालणार नाही हेही ठरवायचं. ‘एल्डन रिंग’मधला टॉरंट घोडा शिट्टी मारताच हजर होतो, हवेत दुसरी उडी मारतो. म्हणून बाहेरची मैदानं ऐसपैस आहेत, मोठे शत्रू मोकळ्यावर उभे आहेत. पण स्टॉर्मव्हेल किल्ल्यात शिरलात की घोडा येत नाही. तिथले जिने, छपरं, कोपऱ्यामागे दबा धरलेले सैनिक, सगळं माणसाच्या पावलाच्या मापाने बांधलंय. एकाच गेममध्ये दोन मापं आणि त्यांच्यातली सीमा स्पष्ट. किल्ला घोड्यावरून ओलांडता आला असता तर तो दोन मिनिटांचा अडथळा ठरला असता.

ही युक्तीसुद्धा दरवेळी साधत नाही. २०२४च्या डीएलसीमध्ये ॲबिसल वूड्स नावाचं जंगल आहे, तिथे टॉरंट घाबरतो आणि येतच नाही. पहिली दहा मिनिटं खरंच अंगावर येतात. पण घोडा काढून घेतला तरी जंगलाचा आकार घोड्याचाच राहिला, आणि पायी चालणाऱ्याला दर वळणावर काहीतरी सापडावं एवढं त्यात भरलेलंच नाही. भीती ओसरली की नुसती पायपीट उरते.

त्यामुळे जीटीए ६चा मॅप केवढा, हे कोणी सांगायला लागलं की मी तरी आधी एवढंच विचारणार आहे: विमान कितव्या तासाला मिळतं?