अनोळखी दारातला पहिला शब्द

भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला एकाच आळीत उत्तर प्रदेशातला विणकर, तेलंगणातला पद्मशाली आणि कोकणातला मराठी कामगार भेटू शकतो. दार कोण उघडील हे ठाऊक नसते. अशा वेळी कोणत्या शब्दाने अभिवादन करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ आहे; पण पुढचा संवाद पुष्कळदा त्यावरच ठरतो.

आपली बहुतेक अभिवादने बोलणाऱ्याची ओळख सांगतात आणि ऐकणाऱ्याचीही गृहीत धरतात. दाढी पाहून ‘सलाम’ म्हणणारा किंवा भिंतीवरची तसबीर पाहून ‘जय भीम’ म्हणणारा कार्यकर्ता आपुलकी दाखवू पाहतो. समोरच्याला मात्र आपली जात वा धर्म आधी मोजला गेला, असे वाटू शकते. आपला ‘जिंदाबाद’देखील अनोळखी माणसाला पक्षाच्या रांगेत उभा करतो. शब्दाचा अर्थ प्रदेशागणिकही पालटतो. ‘जोहार’ हा महाराष्ट्रात महार समाजावर लादलेल्या दास्याची खूण होता, म्हणून आंबेडकरी चळवळीने तो टाकला. झारखंडमधील आदिवासी तोच शब्द अभिमानाने उच्चारतात.

मग तटस्थ शब्द कोणता? ‘आदाब’चा मूळ अर्थ आदर एवढाच; त्यात ईश्वराचे नाव नाही, आणि लखनौ-हैदराबादेत हिंदूही तो वापरीत आले. परंतु मराठी वस्तीत तो आज मुसलमानी समजला जातो. तमिळांचा ‘वणक्कम’ सर्व धर्मांना चालतो, पण भाषा ठरवून टाकतो. आपल्याकडे त्यातल्या त्यात ‘नमस्कार’ सर्वांत मोकळा आहे. त्याचा धात्वर्थ वाकणे असला तरी व्यवहारात तो भेटीचा शब्द झाला आहे. मात्र ईश्वराखेरीज कोणापुढे वाकू नये असे मानणारे काही मुसलमान आहेत. म्हणून हात जोडून लवण्याचा आग्रह नको.

भिवंडीच्या त्या दारात आमच्या मते असे करावे. उंबऱ्याबाहेर थांबून उजवा हात छातीशी न्यावा, मान किंचित लववावी आणि ‘नमस्कार’ म्हणावे. दारात स्त्री असल्यास हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये. लगेच आपले नाव आणि कामाचे कारण सांगावे, आणि ‘आता बोलायला सवड आहे का?’ असे विचारावे. उत्तर कोणत्या भाषेत येते ते ऐकावे. ‘सलाम’ आला तर सलामाने, ‘जय भीम’ आला तर जय भीमने परत द्यावा. निवड त्याने केलेली असते. उत्तराला केवळ मानच हलली, तर दुसरा शब्द शोधीत बसू नये, कामाचे बोलावे.

या रीतीला मर्यादाही आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतही तोच कोरा ‘नमस्कार’ राहिला, तर तो परकेपणा ठरतो. तोवर त्या घराचा शब्द आपल्याला ठाऊक झालेला असला पाहिजे.