गुलाबी बोंडअळी : दर पंधरा दिवसांनी फवारणी करूनही कापूस का वाचत नाही?

दसऱ्याच्या सुमारास विदर्भातल्या कपाशीच्या शेतात गेलात तर झाडं हिरवीगार दिसतात, बोंडं भरलेली दिसतात. सगळं ठीक आहे असंच वाटतं. पण एक बोंड तोडून फोडलं की आत गुलाबी रंगाची छोटी अळी सापडते. बाहेरून भोकही दिसत नाही.

हीच गुलाबी बोंडअळी. ती दिसत नाही, म्हणून बरेच शेतकरी 'आधीच मारून ठेवू' या हिशोबाने ठरावीक दिवसांनी फवारणी करतात. दुसरा मार्ग आहे एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा, म्हणजे आधी मोजायचं आणि मग ठरवायचं. या दोन्हींत नेमका फरक काय?

औषध मारूनही अळी मरत का नाही?

याचं उत्तर अळीच्या जगण्यात आहे. मादी पतंग कळ्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. साधारण तीन ते पाच दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. तिने पाडलेलं बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. पुढे ती आत बसून सरकी खाते.

म्हणजे औषध अळीला लागू शकतं ते फक्त ती बाहेर असताना. हा काळ फार थोडा असतो. कॅलेंडर बघून केलेली फवारणी त्या काळात पडली तर उपयोग होतो, नाहीतर औषध फक्त बोंडाच्या सालीवर बसतं.

वर आणखी एक नुकसान होतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या किडींना खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक उघड्यावर फिरतात. पहिल्याच फवारणीत ते मरतात. मग एरवी आटोक्यात असलेली पांढरी माशी वाढते आणि तिच्यासाठी वेगळी फवारणी करावी लागते.

पण बीटी कापूस तर अळीसाठीच होता ना?

होता. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला, तर दोन जनुकं असलेलं वाण २००६ मध्ये. सुरुवातीला बोंडअळ्यांवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. पण पुढच्या दशकभरात गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या जनुकाच्या विषालाही दाद देणं बंद केलं.

हे टाळण्यासाठी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेने पेरायचं होतं. तिथे साध्या अळ्या जगतात, प्रतिकारक अळ्यांच्या पतंगांशी त्यांचे पतंग जुळतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. बहुतेकांनी ते पाकीट पेरलंच नाही. कडेच्या ओळींत मुद्दाम नुकसान सोसायला कोण तयार होणार?

२०१७ मध्ये याचे परिणाम एकत्र दिसले. राज्यात बोंडअळीने कपाशीचं मोठं नुकसान केलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. माणसाच्या डोक्याच्या वर वाढलेलं पीक, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं आणि अंगावर संरक्षक कपडे नसणं, ही कारणं तेव्हा पुढे आली.

मग 'मोजून ठरवायचं' म्हणजे काय?

समजा, तुमची एक एकर कपाशी आहे. पेरणीनंतर ४५ दिवसांनी शेतात दोन कामगंध सापळे लावायचे. सापळ्यातल्या गोळीला, म्हणजे ल्युअरला, मादी पतंगासारखा वास असतो. त्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. रोज सकाळी ते मोजायचे.

एके दिवशी सापळ्यांत ३ आणि ५ पतंग मिळाले, म्हणजे सरासरी ४. मग शेतात तिरकं चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडली आणि फोडून पाहिली. एकातही अळी नाही. या आठवड्यात फवारणी करायची नाही.

दोन आठवड्यांनी सलग तीन रात्रींची सरासरी १०, ९ आणि ११ आली. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग, ही धोक्याची पातळी आहे. पुन्हा २० बोंडं फोडली तर ३ मध्ये अळ्या निघाल्या. इथे २० पैकी २ बोंडं ही मर्यादा धरतात. दोन्ही रेषा ओलांडल्या, त्यामुळे आता शिफारस केलेलं एकच कीटकनाशक, लेबलवरच्या प्रमाणातच फवारायचं.

फुलांवरही लक्ष ठेवायचं. अळी आत असलेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, गुंडाळलेल्या राहतात. याला डोमकळी म्हणतात. ती दिसली की तोडून नष्ट करायची. सुरुवातीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क आणि अंडी खाणाऱ्या परोपजीवी माशीची ट्रायकोकार्ड वापरतात. मात्र कार्ड लावलं आणि दोन दिवसांनी रासायनिक फवारणी केली, तर त्या माश्याही मरतात.

आता तुलना करा. ४५ ते १२० दिवसांत दर पंधरवड्याला फवारायचं ठरवलं तर सहा फवारण्या होतात. मोजून ठरवलं तर कमी होऊ शकतात आणि ज्या होतात त्या अळी बाहेर असताना होतात. रसायन इथेही आहे, पण ते शेवटी येतं.

हे सगळेच का करत नाहीत?

कारण अडचणी खऱ्या आहेत. मोजणीला रोज वेळ लागतो. ल्युअर वेळेवर बदललं नाही तर वास संपतो, सापळा रिकामा दिसतो आणि 'कीड नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सापळे रिकामे पण बोंडांत अळ्या, असं दिसलं तर आधी ल्युअर तपासा.

सर्वांत मोठी अडचण बांधाची आहे. पतंग शेजारच्या शेतातून उडून येतात. डिसेंबरनंतरही कोणी फरदड ठेवली किंवा पऱ्हाटी घराशेजारी रचून ठेवली, तर अळ्यांना पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. या अळीचं मुख्य खाद्य कापूसच आहे. म्हणून काही महिने गावात कापूसच नसणं हा तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो, पण तो एकट्याने करता येत नाही.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. बीटी कापूस, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडणं, कामगंधाचा वापर आणि हंगामानंतर पिकाचे अवशेष गाडणं, हे सगळं कापूस पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून केलं. २०१८ मध्ये तिथल्या कृषी विभागाने गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे शेतं लहान आहेत आणि शेतकरी खूप, त्यामुळे ते जसंच्या तसं इथे होणार नाही. पण डिसेंबरअखेर गावातली सगळी पऱ्हाटी एकदम निघाली, तर पुढच्या खरिपात सापळ्यात पहिला पतंग उशिरा अडकेल. तेवढ्याने एखाद-दुसरी फवारणी वाचली, तर पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या अंगावर तेवढंच विष कमी उडेल.